पावतीवरची फॅट

औंध आणि भोवतालच्या खटाव-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना मी वजनकाट्याच्याही आधी एक कागद मागते, तो म्हणजे दूध संकलन केंद्राची पावती. बोटभर रुंदीचा, फिकट छपाईचा हा कपटा इथल्या घराघरांत खुंटीला अडकवलेला असतो. त्यावर सकाळचं दूध किती लिटर घातलं, फॅट किती, एसएनएफ किती, दर काय लागला आणि रक्कम किती झाली, एवढं छापलेलं असतं. पाऊस दगा देतो त्या भागात घर चालतं ते या कागदावर, त्यामुळे निरक्षर आजीलाही ‘आज फॅट कमी लागली’ याचा अर्थ पुरता कळतो. पण शेतकरी तो वाचतो तो दरासाठी. मी वाचते ती खाणाऱ्याच्या पोटासाठी.

वजन कमी करायचंय, स्नायू राखायचे आहेत, प्रथिनं वाढवायची आहेत, असं म्हणत माणूस आला की त्याचा दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न दुधाचा असतो. टोन्ड घेऊ का फुल क्रीम? पुण्या-मुंबईत याचं उत्तर पिशवीवर छापलेलं असतं. कायद्याने फुल क्रीम म्हणजे किमान ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ, टोन्ड म्हणजे ३ आणि ८.५, तर डबल टोन्ड म्हणजे १.५ आणि ९. पिशवीचा रंग कंपनीगणिक बदलतो, म्हणून रंगावर जायचं नाही, हे आकडे वाचायचे. पण ज्याच्या गोठ्यात म्हैस आहे त्याने पिशवी कशाला आणावी? आणि आणू नये तर त्याने टोन्ड दूध प्यायचं तरी कसं? माझ्या कामाचा बराच भाग या प्रश्नाभोवती गेला आहे. तो ज्या माणसामुळे मला नीट मांडता आला, त्याची हकीकत सांगते.

तो पैलवान होता. ‘होता’ म्हटलेलं त्याला आवडायचं नाही, पण गुडघा गेल्यावर त्याने आखाडा सोडला होता, वय छत्तिशीला आलं होतं आणि वजन १०४ किलोवर. दिवस शेतीत आणि ट्रॅक्टरवर जायचा. घरी दोन मुऱ्हा म्हशी, त्या आईच्या ताब्यात. जोर-बैठका सुटल्या, खुराक मात्र सुटला नव्हता. सकाळी अर्धा लिटर कच्चं-कोमट दूध, रात्री अर्धा लिटर आटवलेलं, आणि चहा-दही मिळून आणखी अर्धा. दिवसाला दीड लिटर.

मी पावती मागितली. आईने पदराच्या गाठीतून काढून दिली. फॅट ७, एसएनएफ ९.२.

एसएनएफ म्हणजे दुधातलं पाणी आणि चरबी वगळून जे घन उरतं ते. त्यात निम्म्याहून अधिक दुधातली साखर, त्याखालोखाल प्रथिनं आणि थोडे क्षार. फॅट कमीजास्त झाली तरी हा भाग फारसा हलत नाही. म्हणून मी एक ढोबळ हिशेब वापरते. पावतीवरच्या फॅटला नऊने गुणायचं आणि त्यात तीस ते तेहतीस मिळवायचे. जे येईल तितक्या शंभर मिलिलिटर दुधाच्या कॅलरी. नऊने गुणायचं कारण एक ग्रॅम चरबी नऊ कॅलरी देते. वरचे तीस-तेहतीस येतात ते साखर आणि प्रथिनं यांचे. ३ फॅटच्या टोन्डला अठ्ठावन्नच्या आसपास, ६ फॅटच्या फुल क्रीमला सत्त्याऐंशीच्या आसपास. पिशवीवरच्या छापील आकड्यांशी हे छान जुळतं. प्रथिनं मात्र दोन्हींत शंभराला तीन ते साडेतीन ग्रॅम, जवळपास सारखीच. म्हणजे फुल क्रीम घेतल्याने ज्यादा मिळते ती चरबी.

पैलवानाच्या म्हशीचं दूध त्याहून दाट. सात नवे त्रेसष्ट, अधिक तेहतीस, शंभर मिलिलिटरला शहाण्णव. दीड लिटरच्या झाल्या सुमारे १,४४०. त्यात चरबी एकशे पाच ग्रॅम आणि प्रथिनं पंचावन्न ग्रॅम. त्याच्यासाठी मी दिवसभराच्या जेवणाला २,१०० कॅलरी धरल्या होत्या आणि सगळी मिळून चरबी साठ-पासष्ट ग्रॅम. नुसत्या दुधानेच ती दीडपटीहून जास्त होत होती. भाकरी, भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि रविवारचं मटण अजून मोजायचं होतं.

“म्हंजी म्हशीचं दूध बंद?” त्याने विचारलं.

“दूध बंद नाही, पैलवान. माप बदलायचं.”

“आवो मॅडम, पैलवानाला पातळ दूध पाजायचं म्हंजी इज्जतच गेली की.”

हा आक्षेप मी हलका धरत नाही. साताऱ्या-सांगलीच्या तालमींत खुराक हा नुसता आहार नसतो. पोरगं तालमीत घातलं की घरातली म्हैस त्याच्या नावाने राखली जाते, बहिणींच्या वाटणीचं दूध त्याच्या पेल्यात जातं. पण तो खुराक पहाटेपासून शेकड्यांनी जोर-बैठका मारणाऱ्या आणि दोन वेळा मातीत झोंबणाऱ्या शरीरासाठी ठरलेला असतो. मी त्याला आठवण करून दिली की कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं ते बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोंच्या आत राहून. कुस्तीत वजनाचा हिशेब ठेवणं हे पैलवानाचंच काम आहे. हे त्याला पटलं. वजन उतरवून फडात जाणारे त्याने पाहिले होते.

मग खरा प्रश्न आला, की टोन्ड आणायचं कुठून. त्याची बायको पटकन म्हणाली, “पाणी घालू की दुधात.”

जवळजवळ प्रत्येक घरात हा उपाय सुचवला जातो आणि तो इथेच थांबवावा लागतो. अर्ध्या लिटर दुधात अर्धा लिटर पाणी घातलं तर फॅट सातची साडेतीन होते खरी, पण प्रथिनंही निम्म्यावर येतात. पावतीवर एसएनएफ साडेचारला येईल आणि केंद्रावाला कॅन परत पाठवेल. तो जे दूध नाकारतो ते वजन उतरवणाऱ्यानेही नाकारावं. कारण चरबी कमी करण्याच्या काळात उपाशी शरीर स्नायूही मोडत असतं, आणि ते थोपवायला प्रथिनंच लागतात.

टोन्ड दुधात पाण्याबरोबर स्निग्धांशरहित दुधाची पावडरही जाते, म्हणून एसएनएफ जागेवर राहतं. ही युक्ती आपल्या मुंबईतलीच. दारा खुरोडी यांचं नाव तिच्याशी जोडलं जातं. मुंबईच्या सरकारी दूध योजनेचे आणि आरे वसाहतीचे ते कर्तेधर्ते. १९६३ साली त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हशीचं दूध महाग आणि अपुरं, शहराची तोंडं वाढलेली. तेव्हा त्यात पावडर आणि पाणी मिसळून तेच दूध जास्त घरांना स्वस्तात पुरवायचं, हा त्यामागचा विचार होता. टोन्ड दूध जन्मलं ते टंचाईतून, सडपातळ होण्यासाठी नव्हे. हे सांगितलं की दुष्काळी भागातल्या माणसाचा त्याच्याबद्दलचा तुच्छभाव बराच कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

तेच आम्ही पैलवानाच्या चुलीवर केलं. अर्धा लिटर म्हशीचं दूध, अर्धा लिटर उकळून कोमट केलेलं पाणी आणि पन्नास ग्रॅम पावडर. पावडर आधी थोड्या कोमट पाण्यात पेस्टसारखी कालवायची, मग उरलेलं पाणी घालून रवीने घुसळायची आणि शेवटी तापवलेल्या दुधात ओतायची. उकळत्या दुधात कोरडी पावडर टाकली तर गाठी होतात आणि पातेल्याच्या बुडाला लागून दूध करपतं. बायकोने पहिल्या दिवशी रवी घेतली आणि गुठळ्या विरून वर बारीक फेस येईपर्यंत थांबली नाही. फॅट झाली साधारण ३.३, एसएनएफ ९ आणि प्रथिनं शंभराला ३.४ ग्रॅम. पिशवीतल्या टोन्डपेक्षा कणभर सरसच.

पावडर विकत घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. दुकानदार ‘दूध पावडर’ म्हणून पुष्कळदा डेअरी व्हाइटनर हातात देतो. चहासाठी ते ठीक, पण त्यात बहुधा साखर मिसळलेली असते. पाकिटामागे घटकांत साखर दिसली की ते आपलं नव्हे. स्किम्ड मिल्क पावडरच्या शंभर ग्रॅममध्ये पस्तीसच्या आसपास प्रथिनं आणि चरबी नावालाच, हे आकडे दिसले की घ्यावं.

साय काढून का भागवत नाही, असं आईने विचारलं. भागतं, पण त्यात दोन अडचणी आहेत. म्हशीचं दूध तापवून, निववून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की जाड साय धरते आणि ती उचलली की बरीच चरबी जाते. किती गेली ते मात्र घरोघरी आणि दिवसागणिक बदलतं. याचा तपास करायचा तर साय काढलेलं दूध नीट ढवळून थोडं केंद्रावर न्यावं आणि यंत्रात लावून बघावं. न ढवळता वरचं नेलं तर फॅट जास्त दिसते, तळचं नेलं तर कमी. पिशवीतलं होमोजनाइज केलेलं दूध असेल तर साय फारशी धरत नाही, मग हा मार्ग खुंटतो. दुसरी अडचण जास्त मोठी. साय जाते कुठे? ती विरजणाच्या भांड्यात जाते, आठवड्याने तिचं लोणी होतं, लोण्याचं तूप होतं आणि ते तूप त्याच माणसाच्या भाकरीवर, भातावर परत येतं. दुधातून काढलेली चरबी ताटात आली तर हिशेब तिथेच राहिला. मी सायीचा माग काढल्याशिवाय ‘साय काढून पितो’ हे उत्तर मान्य करत नाही. या घरात तूप मुलांना आणि आजीला ठरलं. पैलवानाला एक चमचा, तोही दुपारच्या भातावर.

आईची खरी मान्यता वेगळ्याच कारणाने मिळाली. घरातलं दूध कमी लागायला लागलं तसं केंद्रावर रोज लिटरभर जास्त जाऊ लागलं. पावडरीचे पैसे जाऊनही दहा दिवसांच्या पगारात फरक दिसला आणि तिने मला सांगून टाकलं, “पोरी, तुझं ते घुसळलेलं दूधच चालू दे.”

आता मापाबद्दल. लोक समजतात की टोन्ड घेतलं म्हणजे कितीही प्यावं. दूध हा मुळात प्रथिनांनी ठासून भरलेला पदार्थ नाही. टोन्ड दुधाच्या अठ्ठावन्न कॅलरींतल्या जेमतेम तेरा प्रथिनांच्या असतात, बाकी साखर आणि चरबी. फुल क्रीममध्ये हा वाटा आणखी घसरतो. आणि साखर दोन्हींत सारखीच असते, शंभराला साडेचार-पाच ग्रॅम, म्हणून मधुमेह्याला टोन्डमध्ये त्या बाबतीत काही सूट मिळत नाही. माझा स्वतःचा नियम असा, की दिवसाच्या प्रथिनांपैकी साधारण चौथा हिस्सा दूधदुभत्यावर टाकायचा, बाकीचा अंडी, कोंबडी, मासे, कडधान्यं यांच्यावर. पैलवानाला मी रोजची १२० ग्रॅम प्रथिनं ठरवली, ती त्याच्या गाठायच्या वजनावरून, आजच्या वजनावरून नाही. त्यातली तीस-बत्तीस दुधातून घ्यायची होती.

ती अशी बसली. घरचं टोन्ड दिवसाला साडेपाचशे मिलिलिटर. त्यात रात्रीचा एक पेला अडीचशेचा, दुपारी दोनशेचं दही किंवा त्याचंच ताक आणि उरलेलं शंभर दोन चहांसाठी. चहातलं दूध सगळे विसरतात. ट्रॅक्टरवर दिवसाला पाच-सहा चहा होत होते, प्रत्येकात दोन चमचे साखर. ते दोनवर आणले, एवढ्यानेही बरंच उतरलं. याच्या जोडीला संध्याकाळी थोडा चक्का.

चक्क्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण व्यायामवाल्या पोरांत सध्या तो फार चालतो आणि त्यात फसगतही होते. दही फडक्यात टांगलं की निवळीबरोबर पाणी, साखर आणि थोडं प्रथिन निघून जातं. प्रथिनांचा मोठा भाग चक्क्यात राहतो, पण चरबी जवळजवळ सगळीच राहते. अर्धा लिटर म्हशीच्या दुधाच्या दह्याचा चक्का केला तर वाटीभर चक्क्यात पस्तीस ग्रॅम चरबी. लोक तो ‘प्रोटीन’ म्हणून खातात. म्हणून चक्क्यासाठी आम्ही वेगळं माप धरलं. पाव लिटर म्हशीचं दूध, पाऊण लिटर पाणी आणि पंच्याहत्तर ग्रॅम पावडर. हे डबल टोन्डच्या जवळ जातं, फॅट दीडच्या आसपास. यातल्या अर्ध्या लिटरचं विरजण रात्री लावून सकाळी टांगलं की दुपारपर्यंत चक्का तयार, त्यात तेरा-चौदा ग्रॅम प्रथिनं आणि आठ ग्रॅम चरबी. या दुधाचं दही घट्ट लागतं का, अशी शंका असते. दूध चांगलं उकळून, बोट सोसवेल इतपत निववून विरजलं तर लागतं. विरजण जास्त झालं किंवा दूध जास्त गरम राहिलं तर दही आंबट होतं, पाणी सुटतं आणि चक्का रवाळ होतो. निवळी फेकायची नाही, त्याच पाण्यात भाकरीचं पीठ मळायचं. हे सुचवलं ते आईने.

सगळं मिळून दूधदुभत्याच्या कॅलरी पाचशेच्या आत आल्या. आधी १,४४० होत्या. प्रथिनं पंचावन्नावरून बत्तीसच्या घरात उतरली, ती तूट अंडी, कोंबडी आणि मोडाची मटकी यांनी भरली. यमाईसाठी मंगळवार-शुक्रवार त्याच्या घरी मांसाहार होत नाही. त्या दिवशी चक्का दुप्पट आणि टोन्ड दुधाचं घरी फाडलेलं पनीर. बाजारातलं पनीर शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या पुढेही चरबी घेऊन येऊ शकतं, ते शाकाहारी दिवशी वाट्टेल तसं खाल्लं तर आठवडाभराची कमाई जाते.

फुल क्रीम मी सगळ्यांचं काढत नाही. त्याच घरात त्याची दोन्ही मुलं म्हशीचंच दूध पितात आणि तसंच राहावं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तर टोन्ड देऊच नये. ज्याला दाट दुधाचा अर्धा पेला पुरतो आणि पातळ दुधाचे दोन पेलेही पुरत नाहीत, त्याला मी तो अर्धा पेला देते. दीडशे मिलिलिटर दाट दुधाच्या कॅलरी अडीचशे टोन्डइतक्याच भरतात. फरक ताटातल्या बाकी चरबीवर ठरतो. आपल्या भागात कूट घातल्याशिवाय भाजी होत नाही, रश्शावर तवंग आल्याशिवाय तो रस्सा नसतो. मूठभर शेंगदाण्यांतच पंधरा ग्रॅम चरबी जाते. ज्याला खर्डा आणि कूट सोडवत नाही त्याने दूध टोन्ड करावं. ज्याची भाजी बिनकुटाची, कमी तेलाची, त्याने फुल क्रीम खुशाल प्यावं. दोन्ही हवं, हे मात्र जमत नाही.

दूध प्यायल्यावर तासा-दोन तासांनी पोट फुगत असेल, गुरगुरत असेल, पातळ होत असेल तर टोन्ड-फुल क्रीमचा प्रश्न बाजूला ठेवून आधी पेला बंद करून ताक-चक्क्यावर यावं. बहुतेकांना ते सोसतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचं कुठलंच माप माझ्याकडून घेऊ नये, डॉक्टरांकडे जावं.

औंधकरांना नमस्कार घालायला मी सांगायची गरज पडत नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार लावले, त्याची सवय काही घरांत अजून आहे. पैलवानाने गुडघा सांभाळून नमस्कार आणि बसून डंबेल्स धरले. प्रथिनं स्नायूला लागण्यासाठी एवढा भार तरी हवाच. वजन आम्ही रोज न बघता आठवड्याची सरासरी काढली आणि बेंबीच्या रेषेत पट्टी लावून कंबर मोजली. पहिल्या महिन्यात वजन झटकन उतरलं, मग अडकलं, पण कंबर कमी होत राहिली आणि डंबेल्सचं वजन वाढत राहिलं. अशा वेळी दूध अजून कापायचं नसतं. वजन आणि कंबर दोन्ही तीन आठवडे जागची हलली नाहीत तरच मी मापाला हात लावते, आणि तेव्हाही आधी तूप, कूट, चहा तपासून मग पेल्याकडे येते.

सहा-सात महिन्यांनी तो ब्याण्णववर आला तेव्हा त्याची एक म्हैस व्याली. त्याने फोन केला, पहिले काही दिवस चीक येणार, खरवस खायचा का? खा म्हटलं, चिकात प्रथिनं भरपूर, गूळ तेवढा बेताने. मग दोन आठवड्यांनी पावती आली. दूध वाढलं होतं आणि फॅट ७ वरून ६ वर आली होती. व्याल्यानंतर सुरुवातीला दूध वाढतं तशी फॅट उतरते आणि म्हैस आटत येते तशी परत चढते. चारा बदलला तरी ती हलते. अर्ध्याला अर्धा पाणी घातलं तर आता फॅट तीनच्या खाली जाणार होती, आणि आता त्याला वजन उतरवायचं नव्हतं, टिकवायचं होतं. म्हणून माप बदललं. सहाशे दूध, चारशे पाणी, चाळीस ग्रॅम पावडर, आणि रात्रीचा पेला अडीचशेचा तीनशे. पुढच्या महिन्याची पावती बघून पुन्हा ठरवू, असं सांगून मी फोन ठेवला.